कांद्याची पट्टी व आयकर खात्याची नोटीस

आयकर खात्याची नोटीस हाती पडली म्हणजे आपल्याकडील बागाईतदार बहुधा दोहोंपैकी एक चूक करतो. शेतीचे उत्पन्न करमुक्त, मग उत्तर कशाला, असे म्हणून तो कागद फडताळात टाकतो. नाही तर घाबरून जे विचारलेच नाही तेही सांगून मोकळा होतो. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १०(१) ने शेतीचे उत्पन्न वगळले आहे हे खरे. परंतु अमुक रक्कम शेतीचीच होय, हे दाखविण्याचा भार सूट मागणारावर असतो. (२०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नास लागू आहे, मागील वर्षांची प्रकरणे जुन्याच कायद्याने चालतात.) २०२२-२३ या वर्षापुरते बोलावयाचे तर खुलासा न पटलेल्या रकमेवर अधिभार व उपकर धरून सुमारे ७८ टक्के कर बसू शकतो. तेव्हा मौन महाग पडते.

एक उदाहरण कल्पून पाहू. निफाड तालुक्यातील एक शिक्षक वडिलांच्या नावावरील दोन हेक्टरांत उन्हाळ कांदा करतो. पगारामुळे तो विवरणपत्र भरतो, व त्यात त्याने शेतीचे निव्वळ उत्पन्न ३,००,००० रुपये दाखविले. बँकेत मात्र वर्षभरात ५,८०,००० रुपये रोख भरले गेले. कलम १४२(१) खाली नोटीस आली : ही तफावत कशाची?

तफावत दिसते तेवढी मोठी नाही. विवरणपत्रात खर्च वजा जाता उरलेला आकडा असतो, बँकेत मात्र विक्रीची सबंध रक्कम येते. कांदा निघाला ५०० क्विंटल. चाळीत सड व घट होऊन ७० क्विंटल गेला. उरलेला ४३० क्विंटल हमाली-तोलाई वजा जाता सरासरी १,२०० रुपयांनी विकून ५,१६,००० रुपये हाती आले. बाकीचे ६४,००० रुपये घरच्या दोन म्हशींच्या रतीबाचे. येथेच मोह होतो की, सगळेच कांद्याचे म्हणून सांगावे. तसे करू नये. दुधाचे उत्पन्न कायद्याने शेतीचे नव्हे; आणि पट्ट्यांची बेरीज ५,१६,००० च्या पुढे जात नाही, हे अधिकाऱ्यास दोन मिनिटांत कळते. एक आकडा खोटा ठरला की खऱ्या पट्ट्यांवरचाही विश्वास उडतो.

प्रथम नोटिशीवरील दस्तऐवज क्रमांक खात्याच्या संकेतस्थळावर ताडून पाहावा. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रांवर तो असतो. मग उत्तर असे लिहावे :

“विषय : करनिर्धारण वर्ष २०२३-२४, आपली कलम १४२(१) ची नोटीस.

महोदय, आपण विचारलेल्या रोख भरण्याचा खुलासा खालीलप्रमाणे सादर आहे. एकूण भरणा रु. ५,८०,०००. पैकी कांदाविक्री रु. ५,१६,००० (सोबतपत्र ३ व ४). दूधविक्री रु. ६४,०००, तिचे निव्वळ उत्पन्न विवरणपत्रात करपात्र म्हणून दाखविले आहे (सोबतपत्र ५). कांद्याचा खर्च रु. २,१६,००० खात्यातून काढलेल्या पीककर्जातून व बचतीतून केला (सोबतपत्र ४ व ६). तो वजा जाता शेतीचे उत्पन्न रु. ३,००,०००. जमीन वडिलांच्या नावे असून वहिवाट माझी आहे (सोबतपत्र १ व २).

सोबत : (१) सात-बारा व आठ-अ उतारे, त्या वर्षाच्या पीकनोंदीसह; (२) वडिलांचे संमतिपत्र; (३) बाजार समितीतील विक्रीच्या पट्ट्या, तारखवार यादीसह; (४) बँकेचा खातेउतारा; (५) रतीबाच्या वहीची नक्कल; (६) बियाणे, खते, मजुरी यांच्या पावत्या.”

पत्रात विनवणी नाही, तक्रार नाही. प्रत्येक आकड्यामागे कागदाचा क्रमांक आहे. खर्चाचे वाक्य काहींस अनावश्यक वाटेल, पण विक्रीची सारी रक्कम बँकेत गेली तर मजुरी कोठून दिली, हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो.

खरी अडचण तारखांची. पहिली पट्टी २२ एप्रिलची आणि भरणा १० एप्रिलचा, असे निघाले तर तो भरणा कांद्याचा होऊ शकत नाही. पूर्वी काढलेली रक्कम परत भरली असल्यास ती काढल्याची नोंद दाखवावी. दुसरी अडचण पीकनोंदीची. ई-पीक पाहणीत नोंद न केल्यामुळे उताऱ्यावर शेत पड दिसत असेल तर ते आपणच आधी सांगावे, आणि बियाण्याची पावती, सोसायटीच्या पीककर्जाचा दाखला व पट्ट्या पुढे कराव्यात. नोटीस आल्यानंतर मिळविलेला पिकाचा नवा दाखला फारसा उपयोगी पडत नाही. पट्टी भावाच्या नावे फाटली असेल तर त्याचेही लेखी निवेदन जोडावे.

कागद मुदतीत जमणार नसतील तर मुदत संपण्यापूर्वीच कारण देऊन वाढीव दिवस मागावेत. उत्तरच न गेल्यास कलम १४४ प्रमाणे अधिकारी आपल्या अंदाजाने आकारणी करतो. उत्तर संकेतस्थळावरून पाठविल्यावर मिळणारी पोच त्या वर्षाच्या पट्ट्यांबरोबर एकाच फायलीत बांधून ठेवावी.