आठ जणी, एक मिक्सर आणि चाळीस पानं

समजा, मिक्सर बनवणाऱ्या एका कंपनीनं पुण्यात आठ जणींना एकत्र बसवलं, चहा-बिस्किटं दिली आणि दोन तास बोलतं केलं. ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवल्यावर चाळीस पानं भरली. नवा मिक्सर आखणाऱ्या डिझाइनरांना चाळीस पानं वाचायला वेळ नसतो, म्हणून कुणीतरी त्याचा दोन पानी गोषवारा करतं. गोची होते ती इथेच.

घाईत केलेला गोषवारा साधारण असा असतो : ‘बहुतेकींना आवाज कमी हवा, भांडं धुवायला सोपं हवं, किंमत परवडणारी हवी.’ यात खोटं काही नाही, पण बैठक न घेताही हे लिहिता आलं असतं. फोकस ग्रुपचा पाया घालणारे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९८७मध्ये एका लेखात बजावलं होतं, की अशा गटातून नव्या कल्पना आणि शंका मिळतात. त्या किती लोकांना लागू पडतात ते वेगळं तपासावं लागतं. म्हणून ‘आठपैकी पाच’ला ‘साडेबासष्ट टक्के’ म्हणणं ही शुद्ध फसवणूक. शिवाय त्या पाचांतल्या तिघी नुसत्या ‘हो ना, हो ना’ म्हणालेल्या असतात.

त्यामुळे पहिलं काम म्हणजे प्रत्येक ओळीला क्रमांक आणि प्रत्येकीला खूण देणं : क१, क२, क३. मग प्रत्येक मुद्द्यापुढे लिहायचं, की तो तिनं आपणहून काढला, मॉडरेटरनं विचारल्यावर सांगितला, की दुसरीच्या बोलण्याला नुसती मान डोलावली. मान डोलावलेली कागदावर दिसत नाही, म्हणून ध्वनिफीत पुन्हा ऐकणं आलंच. हसू आणि लांबलेली शांतता तिथेच सापडते.

आता मतभेद. आवाजाचा विषय निघाल्यावर क२ म्हणते, ‘पहाटे साडेपाचला डबा करायचा, मिक्सर लावला की बाळ उठतं.’ क६ तिला तोडते : ‘आवाज नसेल तर वाटलं जातंय की नाही कळणार कसं? मी तर आवाजावरूनच ओळखते.’ दोघींची सरासरी काढून ‘मध्यम आवाज हवा’ असं लिहिलं, तर दोघीही हातच्या गेल्या. एकीला घरातल्यांची झोप सांभाळायची आहे, दुसरीला वाटण कितपत झालंय याची खूण हवी आहे. मतभेद असा कारणांसकट, दोघींच्या शब्दांत आणि ओळक्रमांकासह लिहिला, की डिझाइनरला कळतं : आवाज कमी करायचा असेल, तर ती खूण दुसऱ्या कुठल्यातरी वाटेनं द्यावी लागेल.

कधी मतभेद एकाच बाईच्या बोलण्यात असतो. क४ आठव्या पानावर म्हणते, ‘आवाजाचं मला काही नाही.’ तेविसाव्या पानावर सहज बोलून जाते, की चटणी ती रात्रीच वाटून ठेवते, सकाळी सासूबाईंची झोपमोड नको म्हणून. पहिलं वाक्य तिचं मत, दुसरं तिची वहिवाट. मला विचाराल तर दुसऱ्याला जास्त वजन द्यावं, पण गोषवाऱ्यात दोन्ही हवीत.

न भागलेली गरज बहुधा अशाच वहिवाटीत दडलेली असते. ‘मला अमुक गरज आहे’ असं कुणी म्हणत नाही. बाई जुगाड सांगते, तोही तक्रार म्हणून नव्हे. क५ दोघांपुरती चटणी वाटते, तेव्हा ती भांड्याच्या कडेला चिकटते आणि पातं नुसतंच फिरतं. म्हणून ती पाणी वाढवते आणि पातळ चटणी खाते. क७ झाकण हातानं दाबून उभी राहते, आणि तोवर गॅसवरची फोडणी करपते. ती म्हणते, ‘टायमर द्या.’ टायमर हा तिनं सुचवलेला उपाय. गरज अशी लिहावी : ‘मिक्सर चालू असताना हात मोकळा हवा.’ उपाय वेगळ्या रकान्यात. नाहीतर टायमर बसतो आणि झाकण दाबायला बाई तिथेच उभी.

सगळ्यात मोलाची जोड मात्र दोन दूरच्या पानांत होती. बाराव्या पानावर क२ची तक्रार आहे, की मिक्सर मध्येच बंद पडतो, खालचं लाल बटण दाबावं लागतं. एकतिसाव्या पानावर तीच सांगते, की आवाज दबावा म्हणून ती मिक्सरखाली जाड टॉवेल घडी करून ठेवते. पुष्कळ मिक्सरना हवा खेळण्यासाठी खालच्या बाजूला फटी असतात. त्या झाकल्या की मोटर तापते आणि बटण उडतं. क२च्या घरी हेच घडत असेल असं ट्रान्सक्रिप्ट सिद्ध करत नाही, म्हणून हे ‘निष्कर्ष’ या मथळ्याखाली जात नाही. ते जातं ‘तपासायचं’ या मथळ्याखाली, दोन्ही ओळींच्या क्रमांकांसह : पहाटे दोन-तीन घरी जाऊन मिक्सरखाली काय ठेवलंय ते पाहावं, आणि प्रयोगशाळेत तोच मिक्सर टॉवेलवर चालवून किती वेळात बंद पडतो ते मोजावं.