जग आधी बनवा, देव नंतर: फँटसीसाठी सृष्टीकथा कशी रचायची? (एपिसोडचं लिखित रूप)

तुमच्यापैकी बरेच जण फँटसी लिहिताय, आणि अनेकांची गाडी एकाच जागी अडते. नकाशा तयार असतो, राजघराणी तयार असतात, पण त्या जगातली सगळ्यात जुनी गोष्ट काय? मग एक तक्ता बनतो. अग्नीचा देव, पाण्याची देवी, युद्धाचा देव, मृत्यूचा देव. तक्ता छान दिसतो, पण कथेत त्यातला एकही देव काही करत नाही.

आज याचं उत्तर आपण आपल्या धाराशिव जिल्ह्यातच शोधू. इथले देव लोकांच्या जिवंत श्रद्धेचे आहेत, त्यामुळे त्यांची नावं किंवा कथा उचलून आपल्या कादंबरीत टाकायच्या नाहीत. त्या कथांची बांधणी कशी आहे, तेवढंच शिकायचं.

पहिलं उदाहरण तुळजापूरचं. तुळजाभवानीची मूर्ती वर्षातून तीन वेळा सिंहासनावरून उतरवून पलंगावर निद्रेसाठी ठेवतात. शारदीय नवरात्राआधी घोरनिद्रा, दसऱ्यानंतर श्रमनिद्रा आणि शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. आता लेखकाच्या नजरेने बघा. ‘देवी शक्तिमान आहे’ एवढ्यावर हे थांबत नाही. देवी लढते, दमते, झोपते, आणि त्या झोपेला तिथी आहे, पलंग आहे, तो पलंग नगरकडून पायी आणणारी माणसं आहेत. एका श्रद्धेमुळे किती लोकांचे हात कामाला लागतात!

याच्या शेजारी लॉर्ड डन्सनीचं १९०५ सालचं ‘द गॉड्स ऑफ पेगाना’ ठेवा. आधुनिक फँटसीतल्या कल्पित देवांची ही अगदी सुरुवातीची वही. त्यातही मुख्य देव देवांना घडवून झोपी जातो आणि स्कार्ल नावाचा एक जण ढोल वाजवत बसतो. ढोल थांबला की देव जागा होणार आणि सगळी जगं संपणार. कल्पना जबरदस्त आहे, पण त्या ढोलासाठी गावातल्या कुणाला काही करावं लागत नाही. तुळजापुरात करावं लागतं. आपल्याला हाच फरक हवाय.

दुसरं उदाहरण अणदूर आणि नळदुर्गच्या खंडोबाचं. देव एक, ठिकाणं दोन. मूर्ती वर्षातला काही काळ नळदुर्गजवळच्या मैलारपूरला आणि बाकीचा अणदूरला असते, आणि देव हलताना दोन्ही गावांत लेखी करार होतो. म्हणजे देवालासुद्धा पत्ता आहे, मुक्काम आहे, कागद आहे. छोटा देव रचताना ‘तो कशाचा देव?’ हा प्रश्न मागे ठेवा. आधी विचारा: तो राहतो कुठे, त्याला काय लागतं, आणि ते नाही मिळालं तर काय होतं?

चला, आता एक जग रचूया.

सुरुवात जमिनीपासून करायची. समजा आपलं पठार बालाघाटासारखं आहे. काळा दगड थरावर थर रचलेला. पाऊस चार महिन्यांचा, तोही खात्रीचा नाही. आणि एक विचित्र गोष्ट: ढग पश्चिमेकडून येतात, पण मांजरा, तेरणा या नद्या निघतात पूर्वेला. भूगोलात याचं उत्तर आहे. पठाराचा उतार पूर्वेकडे आहे आणि सह्याद्री बराचसा पाऊस आधीच अडवून घेतो. पण आपल्या जगातल्या आजीला ते माहीत नाही. तिच्या नातवाने विचारलं, ‘आज्जे, पाणी आलं तिकडं परत का जात नाही?’ तर ती काय सांगेल? ते उत्तर म्हणजे तुमची सृष्टीकथा.

आजी सांगते: आधी फक्त आग होती. ती दमली, निजली, आणि अंगावर दगडाच्या गोधड्या ओढत गेली. एक, दोन, सात. निजताना तिला तहान लागली. पश्चिमेला तिची बहीण होती, समुद्र. आगीने तिच्याकडून पाणी उसनं घेतलं आणि परत करायची वेळ आली तेव्हा नद्यांना सांगितलं, ‘पूर्वेला पळा.’ तेव्हापासून बहीण चारच महिने पाणी पाठवते, आणि मोजून पाठवते.

बघा, एवढ्याशा गोष्टीत चार प्रश्न सुटले. दगडाचे थर, पूर्वेकडे जाणाऱ्या नद्या, अपुरा पाऊस, आणि जमीन हादरते ते का, तर आग कूस बदलते म्हणून. शिवाय एक हिशेब अजून मिटलेला नाही. सृष्टीकथेत हे असं थकलेलं देणं ठेवा, कारण कादंबरी तिथूनच सुरू होते.

आता छोटे देव याच उसनवारीतून काढायचे. पहिली ‘पायरीबाई’. प्रत्येक बारवेत राहते आणि पाणी किती पायऱ्या खाली गेलं ते मोजते. तिचा नियम एकच: शेवटची घागर भरली की ओंजळभर पाणी परत ओतायचं. दुसरा ‘वसुल्या’, समुद्राचा माणूस. त्याचं ठाणं नाही, तो उन्हाळ्यात गावोगाव फिरतो. त्याला नैवेद्य नसतो, त्याच्यासाठी रिकामा रांजण उपडा ठेवतात, म्हणजे ‘आमच्याकडे काही नाही, पुढे जा’.

आता दुष्काळ पाडा. बारवेत शेवटची घागर निघाली, घरी तापलेलं लेकरू आहे. आई ओंजळभर पाणी परत ओतेल का? आणि गावातल्या मोठ्या वाड्याने भरलेले रांजण आत ठेवून दारात एक उपडा ठेवला असेल तर? सृष्टीकथा आता थेट पाणी कुणाला मिळणार यावर आली. गावात कुणी म्हणेल, ‘हिने पाणी ओतलं नाही म्हणून विहीर आटली.’ जुनी कथा दोष कुणावर टाकायचा हेही ठरवते. तुमच्या जगात ती कोण सांगतं आणि त्यात कुणाचा फायदा होतो, हे लिहून ठेवा.

शेवटचं काम म्हणजे कथा जुनी करणं. येरमाळ्याच्या येडेश्वरीची कथा अशी सांगतात की सीतेच्या रूपात आलेल्या पार्वतीला रामाने ओळखलं आणि ‘तू वेडी आई’ म्हटलं, म्हणून येडाई. तुळजापूरकडे त्याच प्रसंगावरून ‘तू का आई’, म्हणून तुकाई. प्रसंग एक, गावं दोन, नावं दोन. तुम्हीही तेच करा. पठारावरच्या नदीचं नाव ‘उसनी’ ठेवा. हजार वर्षांत ते ‘उष्णी’ होऊ द्या. मग खालच्या अंगाची गावं सांगू लागतील की हिचं पाणी एकेकाळी उकळत होतं. उसनवारी ते विसरलेत. दोन्ही कथा राहू द्या, खरी कुठली ते सांगू नका.

रचना फसली हे ओळखायचं कसं? एका प्रकरणातून देवाचं नाव खोडा. कुणाच्याही वागण्यात फरक पडला नाही, तर तो देव नुसती सजावट आहे. दुसरी खूण म्हणजे मूळ कथा दोन पानांवर गेली आणि देव लांबलचक संवाद बोलू लागले. तोंडी टिकलेली गोष्ट एका दमात सांगता येते. आजीची गोष्ट मोठ्याने वाचून बघा, अर्धा मिनिट पुरतो.

आता तुमची पाळी. तुमच्या गावच्या जमिनीबद्दल लहान पोर विचारेल असा एक प्रश्न घ्या आणि आजीचं उत्तर पाच वाक्यांत लिहा. त्यात कुणाचं काय देणं राहिलंय, ते विसरू नका. भेटू पुढच्या भागात!