दऱ्यांचा दर्या होतो तेव्हा

दिवाळी अंकाच्या संपादकाला ऑगस्टपासून जे काही येतं, त्यात निम्मं साहित्य असतं आणि निम्मी कोडी. एका लेखकाने व्हॉट्सॲपवर लेख चिकटवून पाठवला. त्याची पहिलीच ओळ अशी होती:

```
ejkBh 'kkGk
```

व्हायरस नाही, परकी भाषाही नाही. लेखकाने टाइप केलं होतं ‘मराठी शाळा’, पण कृतिदेव फॉण्टमध्ये. या जातीच्या जुन्या फॉण्टमध्ये मराठी अक्षर मुळात साठवलेलंच नसतं. साठवलेला असतो रोमन e, आणि फॉण्ट त्या e च्या जागी म चं चित्र काढतो. j म्हणजे र, k म्हणजे काना, B म्हणजे ठ, h म्हणजे दीर्घ वेलांटी. वर्डमध्ये कृतिदेव असतो म्हणून तिथे मराठी दिसतं. व्हॉट्सॲप फॉण्ट सोबत नेत नाही, त्यामुळे चित्राचा पडदा गळून पडतो आणि आतली रोमन अक्षरं उघडी पडतात. श्रीलिपी आणि शिवाजी यांसारख्या जुन्या फॉण्टमधला मजकूरही असाच उघडा पडतो. फक्त कोणत्या अक्षरामागे कोणतं चित्र, हे प्रत्येकाचं वेगळं.

युनिकोडमध्ये तसं नाही. तिथे म ला स्वतःचा क्रमांक आहे, U+092E. फॉण्ट कुठलाही लावा, म चा म राहतो.

आपल्या संपादकाने तो मजकूर व्हॉट्सॲपवरून उचलून परिवर्तकात टाकला. बाकी बरंच जमलं, पण काही ठिकाणी श आणि ष बिघडले. दोष परिवर्तकाचा नव्हता. कृतिदेवमध्ये अर्धा श साध्या अवतरणचिन्हावर बसतो आणि अर्धा ष दुहेरी चिन्हावर. लेखकाच्या संगणकापासून संपादकाच्या परिवर्तकापर्यंत मध्ये कुठेतरी एखाद्या ॲपने सौजन्य दाखवून सरळ चिन्हांची वळणदार चिन्हं केली होती. इंग्रजीत हा शृंगार ठरतो, इथे त्याने ‘शाळा’ पाडली. लेखात मधूनमधून आलेले खरे इंग्रजी शब्दही परिवर्तकाने देवनागरीत ‘अनुवादून’ टाकले होते, ते वेगळंच. म्हणून जुन्या फॉण्टमधला लेख कधीही चिकटवून मागू नये, मूळ `.docx` फाइल मागावी. तिच्यात फॉण्टचं नावही सापडतं, आणि नाव कळल्याशिवाय योग्य परिवर्तक निवडताच येत नाही.

दुसरं कोडं ईमेलमधून येतं. वर्गणीदारांची यादी `.csv` फाइलमध्ये आली, एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडली, आणि ‘मराठी’च्या जागी हे दिसलं:

```
à¤®à¤°à¤¾à¤ à¥€
```

यात सारखा सारखा डोकावणारा `à¤` हीच ओळखीची खूण. हा मजकूर अस्सल युनिकोड आहे, फक्त वाचणाऱ्याने चुकीचा चष्मा लावलाय. इंटरनेटवर चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइटांत साठवतात. म चे तीन बाइट E0 A4 AE. एक्सेलने त्या तिघांना एक अक्षर न मानता पश्चिम युरोपीय पद्धतीने तीन सुटी अक्षरं मानलं. फाइलला काहीही झालेलं नाही. ती तशीच बंद करावी, सेव्ह करू नये. मग एक्सेलच्या `Data` मेनूतून `From Text/CSV` घ्यावं आणि `File Origin` मध्ये `65001: Unicode (UTF-8)` निवडावं. नावं जागच्या जागी उभी राहतात.

गडबडीत लोक नेमकं उलटं करतात. तो कचरा कॉपी करून दुसरीकडे चिकटवतात आणि ‘यातून मराठी काढून द्या’ म्हणतात. काही वेळा निघतंही, पण पूर्ण निघेलच असं नाही. वरच्या ओळीत ठ च्या ठिकाणी `à¤` नंतर जी मोकळी जागा दिसते, ती साधी स्पेस नाही. तो ठ चा तिसरा बाइट आहे, A0. चिकटवताना त्याची साधी स्पेस झाली की ठ गेला. हलन्ताची गत आणखी वाईट. त्याचा शेवटचा बाइट 8D, आणि पश्चिम युरोपीय तक्त्यात त्या घरात कोणतंच अक्षर नाही. न दिसणारा हा बाइट वाटेत सहज गळतो आणि जोडाक्षरं मोडतात.

चौकोनी डबे दिसले तर घाबरायचं कारण नाही. तिथे मजकूर शाबूत असतो, फक्त फॉण्टकडे ती अक्षरं नसतात. विंडोजवर निर्मला यूआय लावून पाहावं. प्रश्नचिन्हांची रांग मात्र वेगळी गोष्ट आहे. देवनागरी माहीत नसलेल्या एखाद्या प्रणालीने न समजलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरचं `?` लिहून टाकलेलं असतं. ते परत आणता येत नाही, मजकूर पुन्हा मागवावा लागतो.

आतापर्यंतचा बिघाड निदान ओरडून सांगतो. खरा घात करतो तो गुपचूप होणारा बिघाड, आणि तो खास मराठीचा आहे. ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ लिहून पाठवलं आणि छापून आलं ‘सह्याद्रीच्या दर्या’. आचाऱ्यांना द्यायचं मानधन आचार्यांना गेलं. शुद्धलेखन तपासनीसही इथे गप्प बसतो, कारण ‘दर्या’ आणि ‘आचार्यांना’ हे दोन्ही शब्द बरोबरच आहेत.

‘ऱ्य’ मधला पापणीसारखा र दोन प्रकारे साठवता येतो. पहिल्या प्रकारात नुक्ता असलेला ऱ, त्यापुढे हलन्त आणि य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह U+200D आणि य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पण काही फॉर्म आणि मजकूर ‘स्वच्छ’ करणाऱ्या सोयी अदृश्य चिन्हं काढून टाकतात. जोडचिन्ह गेलं की र आणि य थेट भेटतात आणि डोक्यावर रफार चढतो. शिवाय एका प्रकारे लिहिलेला शब्द शोधताना दुसऱ्या प्रकारचा सापडेलच असं नाही.

आपल्याकडचा मजकूर कोणत्या प्रकारचा, हे बॅकस्पेस सांगते. विंडोजवर नोटपॅडमध्ये ‘दऱ्या’ चिकटवून शेवटापासून एकेक चिन्ह खोडत जावं. काना जाईल, मग य जाईल. पुढच्या बॅकस्पेसला खाली टिंब असलेला ऱ उरला, तर मजकूर भक्कम आहे. पाय मोडका ‘र्’ उरला, तर तो जोडचिन्हावर उभा आहे. अशा फाइलमधला पापणीचा र कॉपी करून शोधा-बदलाच्या खिडकीत टाकावा आणि त्याच्या जागी ‘ऱ्’ घालावा. हे पाठवण्याआधीच करायचं. एकदा रफार चढला की मूळ शब्द कोणता होता, हे वाक्य वाचणारा माणूसच सांगू शकतो. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर हा ऱ `Shift+J` वर आहे. J, d आणि / या कळांनी ‘ऱ्य’ होतो.

अंक छापखान्यात धाडण्याआधी संपादकांनी फाइलमध्ये ‘र्या’ आणि ‘र्यां’ शोधून प्रत्येक जागा डोळ्यांनी पाहावी. ‘कार्यालय’, ‘पर्याय’ आणि ‘सूर्या’ राहू द्यावेत. ‘वार्याने’, ‘पुर्या’ आणि ‘दुसर्या’ दिसले, तर लेखकाची मूळ फाइल पुन्हा उघडावी.