सात लाखांची शिल्लक पुरेल का?

समजा, शीतगृहाला आज १ कोटी रुपये लागतात. वर्षाला भाडे ६० लाख, खर्च ४१ लाख. हाती उरतात १९ लाख. दहा वर्षांचे हे पैसे १२ टक्के दराने आजच्या किमतीत आणले, तर सुमारे १०७ लाख होतात. निव्वळ वर्तमान मूल्य ७ लाख, म्हणजे गुंतवणुकीच्या ७ टक्के.

पुस्तकी नियम सांगतो, शून्याच्या वर आहे, मंजूर करा. अंदाज खरोखर निःपक्षपाती असतील तर ते बरोबरच आहे. पण प्रस्ताव मांडणाऱ्याला तो मंजूर करून हवा असतो!

इथे भाडे फक्त सव्वादोन टक्क्यांनी घटले की शिल्लक संपते. मागच्या प्रकल्पांत भाड्याचा अंदाज सरासरी ५ टक्क्यांनी चढा निघाला असेल, तर वर्षाला ३ लाख, म्हणजे आजचे सुमारे १७ लाख कमी धरावे लागतात. त्यामुळे इथे किमान १७ टक्के शिल्लक हवी. तेच १९ लाख २९ लाखांच्या भाड्यातून उरत असते, तर साडेआठ टक्के पुरले असते.

मात्र ही कपात केल्यावर त्याच भीतीपोटी व्याजदरही वाढवू नका; चांगले प्रकल्प विनाकारण बाद होतात. हे शीतगृह मी तरी नामंजूर करीन.