आमच्या आवारातले प्राणी : कवड्या की मण्यार?



पहिल्या सत्रात गुरुजींनी आम्हाला परिसर अभ्यासाचा प्रकल्प दिला. शाळेच्या आवारात जो प्राणी दिसेल त्याचा बाईंच्या मोबाईलवर फोटो काढायचा आणि वहीत नोंद करायची. वहीत मी पाच रकाने आखले : फोटो क्रमांक, तारीख, वेळ, जागा, प्राण्याचे नाव. जून ते ऑक्टोबर या काळात ६४ फोटो जमले. त्यांत खारीचे १४ आहेत, पण म्हणून आवारात १४ खारी आहेत असे नव्हे. एकच खार पुन्हा पुन्हा आली असेल. म्हणून मी प्राण्यांची संख्या लिहिली नाही, प्रकार लिहिले. ते १९ भरले.

सगळ्यात अवघड गेलं ते सापाचं नाव लिहिणं. सप्टेंबरात एका सकाळी स्वयंपाकखोलीमागच्या सरपणाजवळ साप दिसला. अंगावर पट्टे होते. पोरं ओरडली, "मण्यार! मण्यार!" बाईंनी सगळ्यांना मागे सारले आणि लांबूनच दोन फोटो काढले. ते फोटो क्रमांक ४१ आणि ४२.

मण्यार फार विषारी. कवड्या बिनविषारी, तो पाली खायला भिंतीच्या कडेने फिरतो. दोघांच्याही अंगावर आडवे पट्टे असतात, म्हणून लोक फसतात. पट्टे कुठे ठळक आहेत ते बघायचं. कवड्याचे पट्टे मानेकडे रुंद आणि स्पष्ट असतात, शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचं उलटं. तिचा रंग काळा चकचकीत, मानेजवळ पट्टे नसतात किंवा पुसट असतात, आणि शेपटीकडे बारीक पांढरे पट्टे, बरेचदा जोडीजोडीने, ठळक दिसतात.

फोटो ४१ मध्ये मान दिसते. तिथे पिवळसर रुंद पट्टे आहेत. फोटो ४२ मध्ये साप सरपणात शिरताना शेपटी दिसते. ती नुसती तपकिरी आहे. दोन्ही फोटो जुळवून मी 'कवड्या' लिहिलं. सर्पमित्र काका आले, त्यांनीही तेच सांगितलं.

पण फोटो ५७ संध्याकाळचा आहे, हललेला. त्यात फक्त शेपटीचं टोक दिसतं. मुलं म्हणाली, "कवड्याच लिही, मागचाच असणार." मी तिथे 'साप, ओळख पटली नाही' असं लिहिलं. मण्यारीच्या पिल्लाला मानेकडेही पट्टे असू शकतात, त्यामुळे ही खूण दर वेळी पुरत नाही. ज्याची ओळख पटली नाही तो साप विषारीच धरायचा आणि मोठ्या माणसांना हाक मारायची.

मण्यार रात्री फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावली तर फारसं दुखत नाही, सूजही येत नाही, म्हणून कळत नाही. चावल्याचा नुसता संशय आला तरी लगेच दवाखान्यात न्यावे.

तीनही फोटो शेजारी चिकटवले आहेत. पट्टे कुठून सुरू होतात ते तुम्हीच बघा.

— एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी