वीस मिनिटांचा कचरा

ट्वेंटी-ट्वेंटी सामन्यात दोन डावांमधली सुट्टी साधारण वीस मिनिटांची असते. मैदानावर तीसेक हजार माणसं जमली असतील, तर त्या संध्याकाळी डब्यांत पडणाऱ्या कचऱ्याचा मोठा वाटा या वीस मिनिटांत आणि त्यांच्या आगेमागे दोन-तीन षटकांत पडतो. सगळे एकाच वेळी उठतात, एकाच वेळी स्टॉलपाशी जातात आणि खात खातच परततात. दुसरा लोंढा शेवटचा चेंडू पडल्यावर येतो. तो मात्र डब्यांत नाही, खुर्च्यांखाली सापडतो. कचऱ्याचं नियोजन करायचं ते या दोन वेळांसाठी. दिवसभराचा एकूण आकडा काढून त्याला डब्यांच्या संख्येने भागलं, तर हिशेब कागदावर बरोबर येतो आणि सुट्टीच्या दहाव्या मिनिटाला प्रत्येक डबा ओसंडून वाहू लागतो.

पण त्याआधी एक गोष्ट ठरलेली असावी लागते, ती म्हणजे हा कचरा रात्री जाणार कुठे. पुण्याचं म्हणून ओळखलं जाणारं गहुंज्याचं मैदान पुणे महापालिकेच्या हद्दीत नाही. गहुंजे हे मावळ तालुक्यातलं ग्रामपंचायतीचं गाव. एका रात्रीत तिथे लहान शहराइतकी माणसं जेवून जातात, आणि त्यांच्या मागचा पसारा एका गावाच्या यंत्रणेवर टाकता येत नाही. परवाना नसलेल्या जागी शंभरहून अधिक माणसांचा कार्यक्रम असेल, तर स्थानिक संस्थेला किमान तीन कामाचे दिवस आधी कळवावं आणि कचरा वेगळा करूनच द्यावा, असं २०१६च्या घनकचरा नियमांनी सांगितलं. कायमस्वरूपी मैदानाला ही कळवण्याची अट लागू होवो न होवो, अनुभवी संयोजक तीन दिवसांवर थांबत नाही. ओला कचरा घेणारा खताचा किंवा बायोगॅसचा प्रकल्प मध्यरात्री दार उघडेल का, सुक्याची गाडी वेगळी येईल का, हे तो तिकीटविक्रीच्या सुमारासच लेखी ठरवून घेतो. गाड्या दोन लागतात. दिवसभर वेगळा केलेला माल रात्री दीड वाजता एकाच कॉम्पॅक्टरमध्ये दाबला गेला, की त्या दिवसाची सगळी मेहनत संपली. असं घडताना मी पाहिलं आहे, आणि तिथे उभ्या असलेल्या पोरांचे चेहरे विसरता येत नाहीत.

आता एका स्टँडचा हिशेब मांडून पाहू. त्यात चार हजार माणसं बसतात असं धरू. कचऱ्याचं वजन इथे फसवं असतं. पाण्याची अर्ध्या लिटरची रिकामी बाटली दहा-पंधरा ग्रॅमची, पण ती डब्यात अर्ध्या लिटरहून अधिक जागा अडवते. म्हणून मोजायचं ते लिटरमध्ये. ग्लास, द्रोण, बाटली, वेष्टन आणि उष्टं मिळून माणशी दोन लिटर धरले, तर एका स्टँडचे आठ हजार लिटर होतात. यातला निम्मा खुर्च्यांखालीच राहतो असं गृहीत धरावं, कारण तो राहतोच. मग डब्यांकडे येतात चार हजार लिटर. त्यातले आकारमानाने पाचातले चार भाग सुके, एक भाग ओला. चाकांचा मोठा डबा २४० लिटरचा असतो, पण चुरगळलेला माल त्यात पाऊण भागच नीट बसतो, म्हणजे १८० लिटर. सुक्याच्या ३,२०० लिटरना अशा अठरा भरण्या लागतात. त्यातल्या निम्म्या, म्हणजे नऊ, एकट्या सुट्टीत भरतात, आणि तेव्हा गर्दीतून ढकलगाडी हलत नाही. म्हणून सुट्टीपुरते नऊ डबे एकाच वेळी रिकामे हवेत. थोडी सवड ठेवून बारा घ्यावेत.

ओल्यासाठी १२० लिटरचे सहा डबे पुरतात. ते मुद्दाम लहान घ्यायचे. उष्ट्या भात-भाजीने भरलेली मोठी पिशवी दोन माणसांनाही उचलत नाही, आणि उचलली तर फाटते.

पिशव्या बदलायच्या त्या सुट्टीत नव्हेच. पहिल्या डावाचं सतरावं षटक सुरू झालं, की डबा अर्धा भरलेला असो वा पाव, पिशवी बदलून टाकायची. पुढची बदली दुसऱ्या डावाच्या दुसऱ्या-तिसऱ्या षटकात, लोक पुन्हा जागेवर बसल्यावर. पिशव्या पारदर्शक असाव्यात. पोलिसांना आत काय आहे ते दिसतं आणि वर्गीकरण करणाऱ्यालाही.

हे बारा अधिक सहा डबे सुटे पसरायचे नाहीत. त्यांची सहा ठाणी करायची, प्रत्येकी दोन सुके, एक ओला, आणि चौथा द्रव ओतायचा पिंप. एकटा डबा कुठेही दिसला, की त्यात सगळं पडतं, मग त्यावर काहीही लिहिलेलं असो. सर्व ठाण्यांवर डब्यांचा क्रम एकच ठेवायचा. सुक्याच्या निळ्या डब्याला बाटलीपुरतं गोल तोंड, ओल्याच्या हिरव्याला रुंद. वरची पाटी माणसाच्या डोक्याच्याही वर हवी, कारण गर्दीत कमरेएवढा डबा दिसतच नाही. पाटीवर ‘जैवविघटनशील’ वगैरे शब्द नकोत. त्या दिवशी त्या स्टँडमध्ये जे विकलं जाणार, तोच द्रोण, तोच ग्लास, तीच बाटली खरीखुरी चिकटवावी.

ठाण्याची जागा माणसाचा हात कुठे मोकळा होतो त्यावर ठरते. स्टॉलच्या अगदी कडेला कोणी काही टाकत नाही, तिथे तर नुकतं विकत घेतलेलं असतं. वडापाव चार-सहा घासांत संपतो. तो संपण्याची जागा म्हणजे स्टॉलपासून वीस-पंचवीस पावलं पुढे, स्टँडमध्ये शिरणाऱ्या बोळाच्या तोंडाशी. दुसरी जागा स्वच्छतागृहाच्या दाराबाहेर, कारण आत जाण्यापूर्वी प्रत्येकाला हातातलं ठेवायचं असतं. तिसरी, जी नेहमी विसरली जाते, ती मुख्य फाटकावर झडती होते तिथली. बाहेरून आणलेल्या पाण्याच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, लायटर हे सगळं तिथेच सोडायला लावतात. सामना सुरू होण्याआधीच तिथे ढीग होतो, आणि बाटल्या भरलेल्या असल्याने तो जड असतो. स्टँडच्या पायऱ्यांवर मात्र एकही डबा नको. तो बाहेर पडायचा रस्ता आहे.

द्रवाच्या पिंपाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण माझ्या मते सगळ्या योजनेचं यश त्यावर ठरतं. चार हजारांतल्या हजार माणसांनी अर्धा ग्लास सरबत टाकून दिलं, प्रत्येकी शंभर मिलिलिटर, तर शंभर लिटर झालं. हे पाणी सुक्याच्या पिशवीत गेलं, की पुठ्ठा लगदा होतो, कागद भंगारवाला घेत नाही, आणि पिशवी उचलताना ओघळ बोळभर पसरतो. तेच वेगळ्या पिंपात, जाळीवरून ओतलं, की बर्फ आणि लिंबाची फोड जाळीवर राहते आणि बाकीचं मलवाहिनीत सोडता येतं. पावसाळी गटारात नाही, ते थेट ओढ्याला जाऊन मिळतं.

हा पिंप नुसता ठेवून उपयोग नाही. तिथे माणूस लागतो. स्वयंसेवकांचं खरं काम कचरा उचलण्याचं नाहीच, ठाण्यापाशी उभं राहून ‘आधी इथे ओता, मग ग्लास तिकडे’ एवढं सांगण्याचं आहे. राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं हे फार छान करतात, पण त्यांना नेमकं काम द्यावं लागतं. प्रत्येक ठाण्यावर सुट्टीत दोघं, एरवी एक. ज्याची पाळी पहिल्या डावात, त्याला दुसरा डाव पाहायला मोकळं सोडावं, नाहीतर रोमांचक षटकात ठाणं रिकामं दिसेल यात नवल नाही. हातमोजे सगळ्यांना, पण डब्यात हात घालायची मुभा कोणालाच नाही, आत काच किंवा सुई असू शकते. चुकीचं पडलेलं चिमट्याने काढता आलं तर काढावं, नाहीतर राहू द्यावं. आणि साडेअकराला सामना संपल्यावर ही मुलं घरी कशी जाणार, याची गाडी आधीच ठरलेली असावी.

सामन्यानंतर स्टँड साफ करताना झाडू सर्वांत शेवटी येतो. आधी एक तुकडी सर्वांत वरच्या रांगेतून खाली उतरत फक्त बाटल्या आणि कोरडे ग्लास उचलते. दुसरी मागोमाग उष्ट्याचे द्रोण आणि खोकी उचलते. मग झाडू. क्रम उलटला आणि आधी झाडू फिरला, तर मसाल्याचा रस्सा, वेफर्सची वेष्टनं आणि बाटल्या एकाच राशीत खालच्या कठड्याशी येऊन पडतात. ती रास पुढे कोणालाही वेगळी करता येत नाही.

वर्गीकरण करायचं ते मागच्या फाटकापाशी, भरपूर उजेडात, ताडपत्रीवर आणि कमरेच्या उंचीच्या टेबलांवर. वाकून रात्रभर काम करणं माणसाला शक्य नाही. इथे हौशी हात नकोत. पुण्यात १९९३ साली उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने आणि पुढे तिच्यातून आलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने जे दाखवून दिलं ते हेच, की कचरा ओळखणं हे कौशल्य आहे. सवयीची कचरावेचक बाई प्लॅस्टिक बोटांनी दाबून, त्याचा आवाज ऐकून कोणतं ते सांगते आणि कोणत्या मालाला भाव आहे हेही. या कामाचे पैसे रात्रपाळीच्या दराने द्यायला हवेत. विकलेल्या मालातून मजुरी काढा, असं सांगणं अन्याय आहे, कारण सामन्याच्या कचऱ्यात भाव नसलेला मालच पुष्कळ असतो.

तो माल कोणता, हे टेबलावर स्पष्ट दिसतं. पाण्याच्या बाटल्या आणि कोरडा पुठ्ठा लगेच विकला जातो. कागदी ग्लास कागदी दिसतो, पण आतून त्याला प्लॅस्टिकचा थर असतो, म्हणून तो खतात कुजत नाही आणि रद्दीतही सहज खपत नाही. वेफर्सच्या चकचकीत वेष्टनात प्लॅस्टिक आणि धातूचे थर चिकटलेले असतात. ती फार तर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात. आणि प्रायोजकांनी फुकट वाटलेल्या फुगवायच्या काठ्या, चौकार-षटकारांचे गुळगुळीत फलक. हे लोकांनी मागितलेलंही नसतं. संगीताच्या कार्यक्रमात हीच गोष्ट मनगटावरच्या दिव्यांच्या पट्ट्यांची. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत कार्यक्रम केलेला कोल्डप्ले हा बँड आपल्या पट्ट्या परत गोळा करून पुढच्या शहरात पुन्हा वापरतो. परत घ्यायची पेटी बाहेर पडायच्या दारातच हवी, वाहनतळावर पोचलेला माणूस मागे फिरत नाही.

प्रत्येक स्टँडच्या पिशव्यांवर वेगळ्या रंगाची दोरी बांधावी आणि वर्गीकरणाआधी व नंतर काट्यावर वजन करावं. एखाद्या स्टँडच्या सुक्या मालातला निम्मा टाकाऊ निघाला, तर त्या पिशव्या उघडून पाहाव्यात. ओल्या चिकट पिशव्या म्हणजे तिथल्या पिंपापाशी माणूस नव्हता. कोरड्या पण टाकाऊ पिशव्या म्हणजे तिथल्या स्टॉलने थर असलेले ग्लास आणि वेष्टनं विकली, आणि तिथे स्वयंसेवक कितीही वाढवले तरी फरक पडणार नाही. तो कागद पुढच्या सामन्याआधी खाद्यपदार्थांचा करार लिहिणाऱ्याच्या टेबलावर जायला हवा. ग्लास कोणता, पाणी बाटलीतून की जारमधून, द्रोण पत्रावळीचा की चकचकीत, हे तिथे एका ओळीत ठरतं.