फोटो गेले ते परत का आले नाहीत?

आतेबहिणीने लॅपटॉपवरचं मुलाच्या मुंजीच्या फोटोंचं फोल्डर चुकून उडवलं आणि रीसायकल बिनही रिकामा केला. तासाभरात ती लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. रिकव्हरीच्या प्रोग्रॅमने सगळ्या फायली दाखवल्या. नावं बरोबर, आकारही बरोबर, पण एकही फोटो उघडेना. एक फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडून पाहिली, तर पहिल्यापासून शेवटपर्यंत `00 00 00`.

"अरे, जुन्या कॉम्प्युटरवरचे तर तू सगळे परत आणले होतेस ना?" आणले होते. पण त्यात फिरणारी हार्ड डिस्क होती, यात एसएसडी आहे.

फिरत्या डिस्कवर फाइल उडवली की फाइल सिस्टिम फक्त आपल्या नोंदवहीत 'ही जागा मोकळी' असं लिहिते. मजकूर तिथेच पडून राहतो आणि पुढे कधीतरी त्याच जागेवर नवं लिहिलं जातं. या डिस्कची खरी अडचण म्हणजे हालचाल. मिनिटाला 7200 फेऱ्या घेणाऱ्या तबकडीला एका फेरीला सुमारे 8.3 मिलिसेकंद लागतात, शिवाय वाचणारा हात सरकायला वेळ लागतो तो वेगळाच. म्हणून 1984 च्या बर्कलीच्या फास्ट फाइल सिस्टिमपासून सगळा खटाटोप एकाच गोष्टीसाठी झाला: फाइल आणि तिची नोंद जवळजवळ ठेवायची, म्हणजे हाताची धावपळ कमी.

एसएसडीत हलणारं काहीच नाही. तिची अडचण पुसण्यात आहे. फ्लॅश चिपवर लिहायचं ते 'पेज'मध्ये, साधारण 16 किलोबाइटच्या. पण लिहिलेल्या पेजवर पुन्हा लिहिता येत नाही. आधी पुसावं लागतं, आणि पुसता येतो तो शेकडो पेजांचा अख्खा ब्लॉक. पाटीवरचं एक अक्षर खोडायला सगळी पाटी धुवावी, तसं. त्यात प्रत्येक धुण्यागणिक पाटी झिजते. आजच्या घरगुती टीएलसी चिपचा ब्लॉक साधारण एक ते तीन हजार वेळा पुसला की भरवशाचा राहत नाही.

म्हणून एसएसडीतला कंट्रोलर बदललेला मजकूर नव्या पेजवर लिहितो, जुनं पेज बाद ठरवतो आणि कुठलं काय कुठे आहे याचा तक्ता ठेवतो. झीज एकाच ब्लॉकच्या वाट्याला येऊ नये म्हणून लिखाण सगळीकडे वाटतो. वर्षानुवर्षं न बदलणारे फोटो एखाद्या ताज्या ब्लॉकमध्ये ठाण मांडून बसले असतील, तर त्यांनाही उचलून जास्त झिजलेल्या ब्लॉकमध्ये हलवतो. यालाच वेअर लेव्हलिंग म्हणतात.

आता एक हिशेब करू. 256 पेजांचा ब्लॉक घ्या. त्यातली 56 पेजं बाद झाली आहेत, 200 कामाची आहेत. ब्लॉक पुसायचा तर आधी ती 200 दुसरीकडे उतरवायला हवीत. म्हणजे 56 पेजं नव्याने लिहायला प्रत्यक्षात 256 पेजांचं लिखाण झालं, साडेचारपटीहून जास्त. पण त्या 200 पैकी 150 पेजं तुम्ही केव्हाच उडवलेल्या फायलींची असली तर? कंट्रोलरला ते ठाऊकच नसतं, कारण 'मोकळी'ची नोंद फाइल सिस्टिमच्या वहीत आहे. तो ते मेलेलं ओझं इमानाने वाहत बसतो. तेच त्याला कुणी सांगितलं, तर 50 पेजं उतरवून 206 मोकळी होतात आणि लिखाण सव्वापटीवर येतं.

हे सांगण्यासाठीच 'ट्रिम' ही आज्ञा आली. विंडोज 7 पासून फाइल उडताच ती एसएसडीला जाते. त्यानंतर ती जागा वाचायला गेलं की बहुतेक एसएसडी शून्यंच देतात. मुंजीचे फोटो गेले ते असे. लिनक्सवर हे काम हाताने करून पाहता येतं:

```
sudo fstrim -v /
```

किती बाइट मोकळे असल्याचं कळवलं ते समोर दिसतं. काही यूएसबी खोके मात्र ट्रिम पुढे जाऊच देत नाहीत. तिथे ही आज्ञा सरळ नकार देते, आणि अशी एसएसडी भरभरून वापरली की हळूहळू लिहायला मंद होत जाते.

पण कळवून भागत नाही, मुळात लिहायची पद्धतच बदलायला हवी, असा विचार सॅमसंगच्या मंडळींनी केला. त्यांची एफ2एफएस 2013 मध्ये लिनक्स 3.8 मध्ये आली. ती जुन्या जागी न लिहिता पुढे पुढे लिहीत जाते. तिची मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे बरोबर मरणारा मजकूर ती बरोबर ठेवते. सतत बदलणाऱ्या फोल्डरच्या नोंदी एका ओळीत, क्वचितच बदलणारे फोटो-व्हिडिओ दुसऱ्या ओळीत. फोटो कुठला हे ती चक्क `.jpg` सारख्या शेपटीवरून ओळखते. त्यामुळे ब्लॉक रिकामे होतात ते एकगठ्ठा, आणि उतरवून घ्यायला फारसं काही उरत नाही.

डिस्क गच्च भरली की मात्र तिचीही पंचाईत होते. सलग मोकळी जागा उरत नाही, आणि मग तिलाही जुन्या तुकड्यांमधल्या फटींत लिहावं लागतं. बहिणीच्या लॅपटॉपवर मी आता दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवायला सांगितली आहे, आणि फोटोंची दुसरी प्रत फिरत्या डिस्कवर.